शुद्धलेखन नंतर, आधी गिझर

पहिली गोष्ट, स्क्रीनशॉट काढू नका.

अशुद्ध मराठीतला मेसेज आला की तो टिपायचा, घरच्या ग्रुपवर टाकायचा आणि खाली हसणारे चेहरे मोजायचे, हा खेळ आपल्याकडे जोरात चालतो. प्लंबरचा मेसेज, कामवाल्या मावशींचा मेसेज, सोसायटीच्या वॉचमनचा मेसेज. लिहिणाऱ्याने तो तुम्हाला कामासाठी पाठवलेला असतो. तुम्ही त्याची जत्रा भरवता. त्यात विनोद काही नसतो, फक्त ज्याला लिहिता येतं त्याने ज्याला लिहिणं जड जातं त्याला खाली दाबलेलं असतं.

आज अशाच एका मेसेजबद्दल लिहायचं आहे. कुणाचा खरा मेसेज इथे छापणं म्हणजे तोच खेळ झाला असता, म्हणून खालचा मेसेज मी नमुन्यादाखल रचला आहे. त्यातल्या चुका मात्र डिस्लेक्सिया असलेल्या मोठ्या माणसाच्या लिहिण्यात होतात तशाच आहेत. समजा, पन्नाशीचा एक इलेक्ट्रिशियन आहे. तीस वर्षं वायरिंगची कामं केलेला. आपल्याला डिस्लेक्सिया आहे हे त्याने नेहमीच्या गिऱ्हाइकांना स्वतःच सांगून ठेवलं आहे. तो एका घरी गिझर बघून गेला आणि संध्याकाळी त्याने घरच्या ताईंना हे पाठवलं:

«ताई गिझरचा एमसिबी 32 चा आहे वायर 2.5 ची. गिझर बिघडला तर वयार जळल पन एमसिबी पडनार नही. 16 चा टकावा लगेल. अर्थीग पन बरबोर नही तपसल मी. गिझर चालु करू ना. उद्य सकळी 9 ला यतो»

आता हा मेसेज दोन तऱ्हांनी वाचता येतो. पहिली तऱ्हा म्हणजे लाल पेन घेऊन चुका मोजणं. या तऱ्हेने वाचणाऱ्याला वीसेक चुका सापडतात आणि तो खूश होऊन फोन बाजूला ठेवतो. दुसऱ्या तऱ्हेने वाचणाऱ्याला कळतं की आपल्या न्हाणीघरात जिवावर बेतणारी गोष्ट आहे.

कारण मजकूर अगदी अचूक आहे. घरगुती दोन किलोवॅटचा गिझर साधारण नऊ अँपिअर करंट ओढतो. त्याला अडीचची तांब्याची वायर आणि 16 चा एमसीबी पुरतो. त्या वायरीवर कुणीतरी 32 चा एमसीबी बसवला असेल, तर बिघाड होऊन वायरीला झेपणार नाही इतका करंट वाहू लागला तरी एमसीबी तो खपवून घेतो. तोवर वायर तापते, तिच्यावरचं आवरण वितळतं. एमसीबी मुळात वायरीच्या रक्षणासाठी असतो, आणि इथे तोच झोपलेला. वर अर्थिंग नीट नाही, म्हणजे गिझरच्या पत्र्यात करंट उतरला तर तो जमिनीत जायचा सोडून ओल्या अंगाने नळाला हात लावणाऱ्या माणसातून जाणार. हे सगळं त्या माणसाने सहा वाक्यांत सांगितलं आहे. आकडे तिन्हीच्या तिन्ही बरोबर आहेत. कारण सांगितलं आहे, उपाय सांगितला आहे, येण्याची वेळही सांगितली आहे. शुद्ध मराठीतले किती मेसेज इतके नेमके असतात?

आता चुकांकडे बघू. हसायला नव्हे, वाचता यावं म्हणून.

‘सकळी’, ‘तपसल’, ‘लगेल’, ‘टकावा’, ‘नही’, ‘उद्य’. या सगळ्यांत एकच गोष्ट घडली आहे, काना गळला आहे. ‘जळल’ आणि ‘यतो’ यांत मात्रा गळली आहे. ‘अर्थीग’मध्ये अनुस्वार. ‘बरबोर’मध्ये सगळं जागेवर आहे, फक्त ओकार एक घर पुढे सरकला आहे. ‘वयार’मध्येही काना तसाच सरकलेला. व्यंजनं मात्र सगळीच्या सगळी आहेत आणि क्रमानेही बरोबर आहेत. म्हणजे शब्दाचा सांगाडा शाबूत आहे, पडझड काना-मात्रांची आहे.

यातून वाचायची रीत आपोआप मिळते. मेसेज मोठ्याने वाचा. डोळा ‘सकळी’पाशी अडतो, तोंड अडत नाही. ‘उद्य सकळी 9 ला यतो’ हे ओठांवर आलं की कान त्याचं ‘उद्या सकाळी’ करून टाकतो. ज्यांनी हा मेसेज दोनदा डोळ्यांनी वाचून ‘काही कळत नाही’ म्हटलं असतं, त्यांना तो एकदा मोठ्याने वाचला की कळतो. यात कसली मेहेरबानी नाही. लिहिणाऱ्याने आवाज ऐकून लिहिलं आहे, तुम्ही तो आवाज करून वाचायचं, एवढंच.

आणखी एक गोष्ट त्या मेसेजमध्ये आहे आणि तिच्यावरूनच सगळ्यात जास्त अन्याय होतो. पहिल्या वाक्यात ‘वायर’ बरोबर लिहिलं आहे, दुसऱ्यात तोच शब्द ‘वयार’ झाला आहे. लाल पेनवाले लगेच म्हणतात, बघा, येतं त्याला, लक्ष देत नाही, हलगर्जी आहे. नेमकं उलटं आहे. तुमच्या-माझ्या डोक्यात ‘वायर’ हा शब्द अख्खा साठवलेला असतो. लिहिताना आपण तो बनवत नाही, नुसता उचलतो. डिस्लेक्सियामध्ये शब्दातले आवाज सुटे करणं आणि ते अक्षरांशी पक्के जोडणं जड जातं, त्यामुळे शब्दाचं लिखित रूप घट्ट बसत नाही. तो दर वेळी नव्याने जुळवावा लागतो. एकदा जुळतो, एकदा जुळत नाही. एकाच मेसेजमध्ये एकच शब्द दोन तऱ्हांनी लिहिलेला असणं हे आळसाचं लक्षण नाही, लिहिणाऱ्याला दुप्पट श्रम पडले त्याची ती खूण आहे.

ही गोष्ट जुनी आहे. 1896 साली प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिगत लिहिली. मुलगा चलाख, खेळात तरबेज, गणितात अडचण नाही, पण लिहिणं-वाचणं जमेना. स्वतःच्या नावातल्या दोन अक्षरांची तो अदलाबदल करी, आणि कुणी पुन्हा पुन्हा लक्ष वेधल्याशिवाय ते त्याच्या लक्षातही येत नसे. त्याच्या शिक्षकाचं मत होतं की शिकवणं सगळं तोंडी असतं, तर हा शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा ठरला असता. सव्वाशे वर्षं उलटून गेली. अक्कल आणि शुद्धलेखन या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे तेव्हाच्या मास्तरांना कळलं होतं, आपल्या फॅमिली ग्रुपला अजून कळायचं आहे.

‘मोठा झाल्यावर जातं ना ते?’ असं विचारणारे भेटतात. जात नाही. सरावाने पुष्कळांचं वाचन सुधारतं, कामापुरतं नीट चालतं. लिहिताना होणाऱ्या चुका मात्र चिवट असतात, त्या शेवटपर्यंत सोबत राहतात. महाराष्ट्रात अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेच्या सवलती 1996 पासून मिळू लागल्या: जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा. त्याआधी शाळा संपवलेल्या, म्हणजे आज पन्नाशीला टेकलेल्या किंवा ओलांडलेल्या माणसांच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. त्यांच्या वाट्याला पट्टी आली, ‘ढ’ हा शिक्का आला आणि पुष्कळांच्या वाट्याला अर्धवट सुटलेली शाळा आली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे. कायद्याने मान्य केलेली गोष्ट आपण सोसायटीच्या ग्रुपवर टिंगलीला घेतो.

‘मग फोनमधलं स्पेलचेक वापरावं की त्याने!’ हा सल्ला फुकट मिळतो आणि तेवढ्याच किमतीचा असतो. फोन शब्द सुचवतो, तेव्हा चार जवळजवळ सारखे दिसणारे शब्द पट्टीत येतात. त्यातला बरोबर कोणता हे एका नजरेत ओळखायचं असतं. ज्याला नेमकं तेच जड जातं, त्याला तुम्ही तेच करायला सांगता. वर धोका असा की चुकीचा शब्द निवडला, तर मेसेज शुद्ध दिसतो आणि अर्थ बदललेला असतो. ‘सकळी’ वाचून तुम्ही सावध होता. फोनने त्याचं ‘साखळी’ करून ठेवलं असतं, तर तुम्ही गिझरला साखळी कशाला म्हणून डोकं खाजवत बसला असता. मोडका पण खरा शब्द बरा, गुळगुळीत खोटा शब्द वाईट.

आणि सगळ्याच चुका डिस्लेक्सियाच्या खात्यावर मांडू नका. ‘पन’ आणि ‘पडनार’ ही त्याची बोली असू शकते, महाराष्ट्रात अर्ध्या गावांत ‘ण’ असाच उच्चारतात. ‘चालु’ ऱ्हस्व लिहिणारे तर पदवीधर ढिगाने सापडतील. आणि ‘एमसीबी पडणार नाही’ ही चूकच नाही. खटका आपोआप खाली येण्याला इलेक्ट्रिशियन लोक ‘पडणं’च म्हणतात. समोरच्याला काही येत नाही असं एकदा ठरवलं की त्याच्या धंद्यातला अचूक शब्दही आपल्याला चूक वाटू लागतो. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. कुणाचं लिहिणं मोडकं दिसलं म्हणून ‘याला डिस्लेक्सिया असणार’ असं निदान करत फिरू नका. शाळा कमी झालेली असते, मातृभाषा वेगळी असते, फोनचा कीबोर्ड जुना असतो, माणूस शिडीवर उभा राहून अंगठ्याने लिहीत असतो. निदान तपासणीने होतं आणि ते करणारे मानसशास्त्रज्ञ असतात. त्याने स्वतः सांगितलं तरच तुम्हाला माहीत, आणि त्याने तुम्हाला सांगितलं म्हणजे शेजारच्या काकूंना सांगायची मुभा दिली असं नव्हे.

आता खरी मेख. ‘गिझर चालु करू ना.’

हे वाक्य परत वाचा. ‘चालू करू नका’ म्हणायचं आहे? की ‘चालू करू ना’, म्हणजे करू या, हरकत नाही? मोठ्याने वाचायची रीत इथे उलटी पडते, कारण तोंडाने वाचलं तर ते अगदी धडधाकट मराठी वाक्य आहे आणि त्याचा अर्थ परवानगीचा होतो. व्यंजनं शाबूत असतात हा आपला अंदाजही इथे कामाचा नाही, ‘नका’मधला ‘क’च गेलेला असू शकतो. आधीचं वाक्य अर्थिंग बिघडल्याचं आहे, त्यावरून ‘नका’ असणार हे शंभरातल्या नव्वद जणांना कळेल. पण उरलेल्या दहांच्या घरीही सकाळी अंघोळी असतातच.

इथे उदारपणाची हद्द संपते. काही जागा अशा असतात की तिथे अंदाज करायचा नाही: हो की नाही, आकडा, तारीख-वेळ, औषधाचं नाव आणि पैशाची रक्कम. त्याने 16 ऐवजी 61 लिहिलं असतं, तर ‘आकडे उलटे झाले असतील’ म्हणून दुकानात जाऊन 16 चा आणायचा नाही. एमसीबी 16 चा मिळतो तसा 63 चाही मिळतो. 61 म्हणजे उलटलेला सोळा की बोट घसरलेला त्रेसष्ट, हे तुम्ही ठरवायचं नसतं. विचारायचं असतं.

पुष्कळ भली माणसं नेमकी इथे चुकतात. त्यांना वाटतं, विचारलं तर त्याला वाईट वाटेल. म्हणून कळलं नसतानाही ‘हो हो दादा, ओके’ लिहून मोकळी होतात. हा मोठेपणा नव्हे, हा समोरच्याला दुबळं समजणं आहे. ज्याच्याशी आपण बरोबरीने वागतो, त्याला आपण बिनदिक्कत विचारतो. न विचारता मान डोलावतो ती लहान मुलापुढे. आणि उद्या काही झालं की हीच भली माणसं सांगणार, ‘त्याने नीट लिहिलं नव्हतं.’

विचारायचं कसं, यात सगळं आलं. ‘काय लिहिलंय तुम्ही? काहीच कळत नाही’ असं लिहिलं की सगळा मेसेज त्याच्या तोंडावर परत फेकला जातो. त्यातलं नव्वद टक्के तुम्हाला कळलेलं असतं, तेव्हा हे खोटंही आहे. ‘तुम्हाला असं म्हणायचं आहे का की...’ म्हणून त्याचाच मेसेज शुद्ध करून परत पाठवणं म्हणजे तपासलेली वही परत देणं. ताईंनी एवढंच लिहावं:

«दादा, गिझर बंद ठेवू की चालू करू? तुमचं उत्तर येईपर्यंत बंद ठेवते. 16 चा एमसीबी तुम्ही आणाल की मी आणू? उद्या 9 ला या.»

बघा यात काय काय झालं. प्रश्न नेमका जिथे अडलं तिथेच आहे. उत्तर एका शब्दात देता येतं, त्याला पुन्हा सहा ओळी जुळवायला लागत नाहीत. उत्तर यायच्या आधीची सुरक्षित बाजू घेतली आहे. 16 आणि 9 हे आकडे सहज उच्चारले गेले, म्हणजे चुकले असतील तर तो लगेच सांगेल. शुद्धलेखनाचा विषयच निघाला नाही. आणि मुख्य म्हणजे हेच उत्तर ताईंनी एखाद्या इंजिनिअरलाही दिलं असतं. माझ्या मते कसोटी एवढीच आहे: हेच वाक्य तुम्ही शुद्ध लिहिणाऱ्याला पाठवलं असतं का? पाठवलं असतं तर बेलाशक पाठवा. नसतं, तर खोडा.

या कसोटीवर पुष्कळ गोड वाक्यं नापास होतात. ‘वा, किती छान समजावून सांगितलंत!’ हे तुम्ही इंजिनिअरला म्हणत नाही. ‘तुमच्यासारख्यांकडे वेगळीच प्रतिभा असते’ हेही नाही. ‘तारे जमीन पर’ आपण सगळ्यांनी 2007 मध्ये पाहिला आणि रडलो, पण पन्नाशीच्या कारागिराला ईशान अवस्थी करून टाकू नका. त्याला कौतुक नको आहे, कामाचे पैसे हवे आहेत. ‘घरात लिहिणारं दुसरं कुणी आहे का, त्यांना टाईप करायला सांगा’ हे तर उघड अपमानाचं आहे, कारण धंदा त्याचा आहे आणि गिऱ्हाईकही त्याचं आहे. त्याला ओलांडून त्याच्या हाताखालच्या पोराला फोन लावणं हा त्याच अपमानाचा दुसरा प्रकार.

एखादा मेसेज खरोखरच लागत नाही, असंही होतं. मग तसं सांगा, पण कुठे अडलं ते दाखवून: ‘शेवटची ओळ मला लागली नाही, बोलून पाठवता का?’ आवाजी मेसेज हा अनेकांना सोयीचा पडतो. तरी तो सक्तीचा करू नका. काहींना लिहिणंच बरं वाटतं, काही जण कामावर चार माणसांत उभे असतात, आणि हिशेबाची गोष्ट लेखी असलेली दोघांच्या फायद्याची असते. ज्याला जे सोयीचं, ते त्याला ठरवू द्या.

आपल्या उत्तराकडेही जरा बघा. ज्याला लिहिणं जड जातं त्याला वाचणंही बहुधा जड जातं. त्याला बारा ओळींचा, पूर्णविराम नसलेला, मध्येच तीन प्रश्न लपवलेला मेसेज पाठवायचा आणि ‘दोन प्रश्नांची उत्तरंच दिली नाहीत’ म्हणून कुरकुरायचं, हा अन्याय आहे. एका ओळीत एक गोष्ट लिहा. वेळ आणि रक्कम आकड्यांत लिहा. पत्ता हवा असेल तर लोकेशन पाठवा. भाषा बाळबोध करायची अजिबात गरज नाही. अर्थिंगबद्दल त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

आणि चूक सांगायचीच नाही का कधी? सांगायची, त्याने विचारलं तर. तो सोसायटीला कोटेशन देणार आहे, पाटी रंगवून घेणार आहे आणि म्हणाला, ‘ताई, जरा बघता का?’ तर मनापासून बघा, शब्द दुरुस्त करून द्या आणि विषय संपवा. त्यासोबत ऱ्हस्व-दीर्घाचं व्याख्यान देऊ नका. ते त्याने शाळेत भरपूर ऐकलं आहे आणि त्याचा उपयोग झाला नाही, हे तुमच्याआधी त्याला माहीत आहे.

शुद्ध लिहावं, शुद्ध लिहायला शिकवावं, हे मला मान्य आहे. मी लिहून पोट भरतो, शब्द नीट लिहिणं ही माझी जबाबदारी आहे. वर्तमानपत्राची आहे, पाठ्यपुस्तकाची आहे, सरकारी फलकाची आहे. तिथे चूक दिसली तर जरूर भांडा. पण वायर ओळखणं ही ज्याची जबाबदारी आहे त्याने ती चोख पार पाडली असेल, तर काना गळला म्हणून त्याची किंमत कमी होत नाही.

तेव्हा असा मेसेज आला की तो मोठ्याने वाचा. अडलं असेल तेवढंच विचारा. विचारल्याशिवाय दुरुस्त करू नका. त्याने सांगितलेलं काम त्याने सांगितलं तसं करून घ्या आणि काम झालं की बिल त्याच दिवशी द्या.